अर्धवेळ पीएच.डी.चे निवेदन: घर आणि नोकरीचा हिशेब समितीपुढे कसा मांडावा

«मी ४३ वर्षांची असून एका महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात उपअभियंता आहे. एम.ई. होऊन बरीच वर्षे झाली. शहरातील पाणीगळती या विषयावर अर्धवेळ पीएच.डी. करण्यासाठी प्रवेश परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाले. मुलाखतीपूर्वी विद्यापीठाच्या विभागाने दोन पानांचे निवेदन मागवले आहे. नोकरी आणि कौटुंबिक जबाबदाऱ्या सांभाळून संशोधनाला वेळ कसा देणार, हे त्यात लिहायचे आहे. मुलगी जूनमध्ये दहावीत जाईल. सासूबाईंचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते. यजमान महिन्यातले दहा-बारा दिवस फिरतीवर असतात. सगळे खरे लिहिले तर ‘या बाईंना जमायचे नाही’ असे समितीला वाटेल, आणि लपवले तर मुलाखतीत उघडे पडेल. काय लिहू, किती लिहू? माझा मसुदा सोबत पाठवत आहे.»
— एक वाचक

सप्रेम नमस्कार.

काय लिहावे आणि काय गाळावे, यासाठी एक कसोटी लावून पाहा. जी जबाबदारी तुमच्या आठवड्यातले ठरावीक तास नियमाने घेते ती निवेदनात यावी, आणि तिच्या पाठोपाठ, तुम्ही नसताना ते काम कोण करते हेही यावे. जी जबाबदारी तास घेत नाही, नुसती मनावर ओझे ठेवते, ती तुमच्यापाशीच राहू द्या. या कसोटीने डायलिसिसचे दोन दिवस निवेदनात येतात, पण सासूबाईंचा आजार किती जुना आणि त्यात काय गुंतागुंत आहे हे येत नाही. मुलीची दहावी येते, कारण ती नेमकी तुमच्या पहिल्या वर्षावर येऊन पडणार आहे. यजमानांची फिरती येते, कारण त्या दिवसांत वरच्या दोन्ही गोष्टींची व्यवस्था बदलते. एम.ई.नंतर इतकी वर्षे का गेली, याचे तुमच्या मसुद्यात पाऊण पान भरलेले स्पष्टीकरण आहे; त्यातले काहीच येत नाही.

मसुद्याच्या दुसऱ्या परिच्छेदात ‘माझ्या अंगी जिद्द व चिकाटी असून कुटुंबाचा पूर्ण पाठिंबा असल्यामुळे मी नोकरी, घर आणि संशोधन यांचा योग्य समतोल राखीन’ असे वाक्य आहे. ते काढून टाकावे. त्यात खोटे काही नाही, पण अर्धवेळ प्रवेश मागणारा जवळजवळ प्रत्येक उमेदवार हेच वाक्य लिहितो आणि समितीला त्यातले काहीही पडताळून पाहता येत नाही. समितीला नेमके काय पडताळायचे असते, हे कळले की निवेदनाचा आराखडा आपोआप बदलतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येतात. म्हणजे तुम्हाला मिळणारी जागा ही एका मार्गदर्शकाच्या मोजक्या जागांपैकी एक असते. एखाद्या विद्यार्थ्याने प्रवेश घेतला, कोर्सवर्क पूर्ण केले आणि मग येणे थांबवले, तर ती जागा कित्येक वर्षे अडून राहते आणि मार्गदर्शकाला दुसरा विद्यार्थी घेता येत नाही. अर्धवेळ उमेदवारांबाबत समितीच्या मनात असलेली धास्ती ही आहे. अशा मुलाखतींना मार्गदर्शक म्हणून बसण्याच्या अनुभवावरून सांगतो, की गळती होते ती बहुतेक वेळा दुसऱ्या वर्षात. पहिल्या वर्षी कोर्सवर्कचे वेळापत्रक विभाग लावून देतो, हजेरी असते, परीक्षा असते, त्यामुळे नोकरदार माणूस कशीबशी सवड काढतोच. ते वेळापत्रक संपले की शिस्त लावणारे बाहेरचे कोणी उरत नाही, आणि ऑफिसचे काम त्या मोकळ्या जागेत शिरते. उमेदवार मात्र निवेदनात पहिल्या वर्षाचेच बारीकसारीक तपशील देतात आणि पुढच्या वर्षांसाठी ‘त्यानंतर संशोधनकार्य नियमितपणे सुरू ठेवीन’ एवढे लिहून मोकळे होतात. तुमच्या मसुद्यातही तसेच झाले आहे. दोन पानांपैकी निम्मी जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाला द्यावी, असे मी सुचवीन.

आता ना हरकत प्रमाणपत्राकडे येतो, कारण निवेदनाची पहिली पडताळणी त्याच कागदाशी होते. अर्धवेळ पीएच.डी.साठी नोकरीच्या ठिकाणच्या सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात असे नियमावली सांगते: उमेदवाराला अर्धवेळ अभ्यास करण्यास परवानगी आहे, त्याचे कार्यालयीन काम संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल अशा स्वरूपाचे आहे, आणि गरज पडल्यास कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी त्याला कामातून मोकळे केले जाईल. गोची तिसऱ्या मुद्द्यात होते. आस्थापना विभाग ठरावीक साच्यातले पत्र काढतो, आणि त्यात ‘कार्यालयीन कामकाजात कोणताही व्यत्यय येणार नाही व त्यासाठी विशेष रजा अनुज्ञेय राहणार नाही, या अटीवर’ अशी ओळ सवयीने पडते. मग निवेदनात तुम्ही लिहिलेले असते की कोर्सवर्कच्या तासांना मी आठवड्याच्या कामाच्या दिवशीही येईन, आणि प्रमाणपत्र सांगत असते की या बाईंना सोडणार नाही. समितीने दोन्ही कागद शेजारी ठेवले की पुढचे काही वाचण्याची गरज राहत नाही. यासाठी नियमावलीतली ती तीन वाक्ये जशीच्या तशी मराठीत टंकलिखित करून अर्जासोबत द्या आणि प्रमाणपत्र त्याच शब्दांत मिळावे अशी विनंती करा. फाइल तुमच्या कार्यकारी अभियंत्यांकडून वर जाणार असल्यामुळे आधी त्यांना समक्ष भेटून ‘मोकळे करणे’ म्हणजे किती दिवस, हे आकड्यात सांगा. ‘व्यत्यय’ या शब्दाची भीती आकडा ऐकल्यावर बरीच कमी होते.

तो आकडा असा काढता येईल. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे असते. एका श्रेयांकाला १५ तासिका धरल्या तर सुमारे १८० तास होतात. विभागाने ते शनिवार-रविवार रोज सहा तास घेतले तर १५ आठवड्यांत आटोपते. फक्त शनिवारी घेतले तर ३० शनिवार लागतात. आणि सुट्टीत सलग घेतले तर सहा तासांप्रमाणे ३० दिवस लागतात. यातली कोणती पद्धत तुमच्या विभागात आहे, हे निवेदन लिहिण्यापूर्वी विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा, कारण तिन्हींचा परिणाम तुमच्यासाठी अगदी वेगवेगळा आहे. शनिवार-रविवारची पद्धत असेल तर प्रवेशानंतरच्या पहिल्या सत्रात, म्हणजे मुलीच्या पूर्वपरीक्षेच्या आधी, तुम्ही मोकळ्या होता. फक्त शनिवारची असेल तर कोर्सवर्क सरळ बोर्डाच्या परीक्षेत घुसते. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सलग असेल तर ते तुम्हाला शक्यच नाही. मे महिन्यात पाणीपुरवठ्याच्या उपअभियंत्याला महिनाभर सोडणारा आयुक्त मी तरी पाहिलेला नाही.

आठवड्याचे वेळापत्रक सगळेच देतात. तुमच्यासारख्या उमेदवाराने त्याआधी वर्षाचे वेळापत्रक द्यावे, कारण तुमच्या नोकरीचा ताण आठवड्यावर ठरत नाही, ऋतूवर ठरतो. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत टंचाई, टँकर आणि तक्रारी. त्यातच मार्चअखेरची बिले. पाऊस सुरू झाला की गढूळ पाणी आणि उपसा केंद्रातले वीजबिघाड. सप्टेंबर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात निवांत काळ. हे निवेदनात मोकळेपणाने लिहावे आणि उन्हाळ्याचे तीन महिने स्वतःहून जवळजवळ वगळावेत. ‘वर्षभर दररोज तीन तास’ असे लिहिणाऱ्या पाणीपुरवठा अभियंत्यावर विश्वास ठेवायला समितीतली माणसे काही परग्रहावरून आलेली नसतात, त्यांच्याही नळाला मे महिन्यात पाणी नसते.

आकड्यांत मांडायचे तर असे दिसेल. वर्षातले ३६ आठवडे दर आठवड्याला १२ तास, म्हणजे ४३२ तास. उन्हाळ्याचे १२ आठवडे दर आठवड्याला फक्त ४ तास, म्हणजे ४८. उरलेले चार आठवडे सणवार, आजारपण आणि पाहुणे यांच्यासाठी शून्य धरलेले. हे झाले ४८० तास. त्यात वर्षाला १५ दिवसांची अर्जित रजा संशोधनासाठी घेतली आणि त्या दिवशी आठ तास काम केले, तर आणखी १२०. म्हणजे वर्षाला ६०० तास, आणि पाच वर्षांत ३,०००. पहिल्या वर्षी दहावीमुळे होणारी घट वजा केली तर सुमारे २,९०० तास. पूर्णवेळ विद्यार्थी आठवड्याला ४० तास आणि वर्षाला ४५ आठवडे काम करतो असे मानले, तर तो तीन वर्षांतच ५,४०० तास देतो. तुमच्या हाती त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक तास आहेत, आणि समितीतल्या अनुभवी मंडळींना हे गणित कागद न घेता येते.

म्हणून समतोलाचा खरा पुरावा विषयाच्या आवाक्यात दिसायला हवा. तुमच्या मसुद्यातला विषय ‘शहरातील पाणीगळतीचे मूल्यमापन व उपाययोजना’ असा आहे. हा २,९०० तासांचा विषय नाही. त्याला एक पथक लागेल. त्याऐवजी जुन्या बिडाच्या जलवाहिन्या असलेला एक झोन आणि गेल्या काही वर्षांत जलवाहिन्या बदललेला एक झोन, असे दोनच झोन घ्या, आणि त्यांतल्या प्रत्यक्ष गळतीची तुलना करा. विषय इतका आखडला की घर आणि नोकरी सांभाळून तो होऊ शकेल हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. निवेदनात दोन ओळींत लिहा, की व्याप्ती दोन झोनपुरती मर्यादित ठेवण्याचा निर्णय उपलब्ध वेळेचा विचार करून घेतला आहे. एरवी अशी कबुली द्यायला उमेदवार कचरतात, पण आपल्या तासांचा हिशेब करून विषय आखणारा माणूस समितीला क्वचितच भेटतो.

दुसऱ्या वर्षातले सर्वांत अवघड काम म्हणजे प्रत्यक्ष मोजणी, आणि इथे तुमचे घर आणि तुमचा विषय एकमेकांच्या आड येतात, याचा उल्लेख मसुद्यात कुठेच नाही. चोवीस तास पुरवठा असलेल्या भागात गळती मोजायची तर पहाटे दोन ते चारच्या दरम्यानचा किमान प्रवाह पाहतात. त्या वेळी वापर नगण्य असतो, त्यामुळे झोनमध्ये शिरणारे बहुतेक पाणी गळतीचेच असते. तुमच्या शहरात मात्र पुरवठा ठरावीक वेळेचा आहे, असे मसुद्यावरून दिसते. रात्री वाहिन्या रिकाम्या असतात, म्हणजे ही रीत तिथे जशीच्या तशी चालणार नाही. पुरवठ्याच्या वेळेतच झोनच्या तोंडाशी किती पाणी शिरले ते मोजावे लागेल आणि त्याच वेळेतले ग्राहकांच्या मीटरवरचे आकडे त्यातून वजा करावे लागतील. मीटर बंद असणे, चुकीचे वाचन आणि बेकायदा जोडण्या यांमुळे येणारी तूट वेगळी काढावी लागेल. पुरवठा पहाटे पाचला सुरू होत असेल, तर साडेचारला जलकुंभापाशी कोणीतरी हवे. डायलिसिसच्या दोन दिवशी ती व्यक्ती तुम्ही असू शकत नाही, मग कोण असेल, हे समितीतला जाणता सदस्य लगेच विचारील.

याचे उत्तर आधीच लिहून ठेवावे. झोनच्या तोंडाशी असलेल्या प्रवाहमापकाला डेटा लॉगर जोडला, तर दर पंधरा मिनिटांनी आकडा आपोआप नोंदला जातो आणि तुम्हाला पंधरवड्यातून एकदा जाऊन तो उतरवून घ्यावा लागतो. घरगुती मीटरच्या वाचनासाठी नमुन्यादाखल घेतलेल्या घरांच्या फेऱ्या मात्र चुकत नाहीत. त्या बुधवारी किंवा रविवारी लावा आणि सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळातच लावा. प्रवाहमापकाची अचूकता तपासून घेणे हे काम दर वर्षी मोजणी सुरू होण्याआधी करावे लागेल, त्याला दोन दिवस धरा. लॉगर बंद पडला आणि महिनाभर कोणाच्या लक्षात आले नाही, तर सहा महिन्यांची मोजणी वाया जाऊ शकते, म्हणून पंधरवड्याची फेरी टाळायची नाही, हेही वेळापत्रकात दिसू द्या. विभागाकडे लॉगर आधीच असेल तर उत्तम. नसेल तर तो कोण आणि कधी घेणार, हे मार्गदर्शकांशी बोलून मगच लिहा.

याच ठिकाणी आणखी एक कागद लागतो. तुम्ही वापरणार ती आकडेवारी महानगरपालिकेची आहे, आणि ती पदामुळे तुमच्या टेबलावर येते म्हणून प्रबंधात वापरता येतेच असे नाही. ना हरकत प्रमाणपत्रात आकडेवारीचा उल्लेख सहसा नसतो, त्यामुळे तिची लेखी परवानगी वेगळी घ्यावी. त्या परवानगीत प्रकाशनाचाही उल्लेख असू द्या, कारण प्रबंध पूर्ण झाल्यावर तो शोधगंगेवर सर्वांना वाचायला खुला होतो, आणि एखाद्या झोनमध्ये गळती फार मोठी निघाली तर ते कोणालाही वाचता येईल, ही कल्पना वरिष्ठांना आज असलेली बरी. व्हॉल्व्हमनला किंवा मीटर वाचकाला तुमच्या संशोधनाच्या कामाला लावणार असाल तर तसा आदेश हवा. नसेल तर ते निवेदनात लिहू नका आणि प्रत्यक्षातही करू नका.

कौटुंबिक भाग अर्ध्या पानाच्या वर जाऊ देऊ नये. तो कसा दिसावा याचा एक नमुना देतो; तपशील माझ्या कल्पनेतले आहेत, तिथे तुमचे खरे तपशील घाला:

«माझ्या सासूबाईंचे डायलिसिस मंगळवारी व शुक्रवारी सकाळी असते. मंगळवारी माझे पती त्यांच्यासोबत जातात. ते फिरतीवर असतील त्या मंगळवारी, तसेच प्रत्येक शुक्रवारी, आम्ही नेमलेल्या मदतनीस सोबत जातात. ही व्यवस्था तीन महिन्यांपासून सुरू आहे. या दोन दिवशी मी संशोधनाचे कोणतेही काम ठेवलेले नाही. सोमवार, बुधवार व गुरुवारी रात्री साडेआठ ते साडेदहा आणि रविवारी सकाळी आठ ते दुपारी दोन, असे आठवड्याला १२ तास मी संशोधनासाठी राखले आहेत. माझी मुलगी प्रवेशाच्या पहिल्या वर्षी दहावीत असेल. त्या वर्षी डिसेंबर ते मार्च मी आठवड्याला सहाच तास धरले असून ते केवळ पूर्वीच्या संशोधनाच्या वाचनासाठी आहेत. क्षेत्रीय मोजणी दुसऱ्या वर्षी सप्टेंबरमध्ये सुरू होईल.»

यात पाठिंबा हा शब्द नाही, पण पाठिंबा दिसतो, कारण कोणते काम कोणाकडे गेले ते लिहिले आहे. ‘तीन महिन्यांपासून सुरू आहे’ हे यातले सर्वांत वजनदार वाक्य समजा, आणि ते खरे असल्याशिवाय लिहू नका. तुमच्या मुलाखतीला अजून अवधी असेल तर मदतनीस आजच शोधा आणि रविवारची सकाळ या आठवड्यापासूनच बाजूला काढून पाहा. पहिल्या महिन्यातच लक्षात येईल, की रविवारी सकाळी आठ ही वेळ तुमच्या घरात टिकते की नाही. टिकत नसेल तर दुसरी शोधून तीच निवेदनात घाला. रात्री साडेआठ ते साडेदहा या वेळेत नवे लेखन होत नाही, असा बहुतेक नोकरदारांचा अनुभव आहे. नोंदी लावणे, आकडे तपासणे, संदर्भ वाचणे एवढे होते. म्हणून लेखनासाठी रजेचे दिवस आणि रविवार ठेवा.

बिघाडाचाही एक परिच्छेद हवा. तुमच्या बाबतीत बिघडू शकणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत: सासूबाईंची प्रकृती, निवडणुकीचे काम आणि अंतर्गत बदली. पहिल्या दोन काही आठवडे खातात, आणि वेळापत्रकात चार आठवडे शून्य धरल्याचा उपयोग तिथे होतो. बदलीचे तसे नाही. उद्या तुमची रवानगी रस्ते विभागात झाली, तर झोन, लॉगर आणि मीटर वाचक सगळेच हातातून जाईल. यासाठी आकडेवारीची परवानगी ‘पाणीपुरवठा विभागातील उपअभियंता’ या पदाला न घेता तुमच्या नावाने आणि संशोधनाच्या संपूर्ण कालावधीसाठी घ्या, आणि निवेदनात लिहा की बदली झाल्यास मोजणी त्या परवानगीच्या आधारे पूर्ण केली जाईल. सलग दोन महिने काम झाले नाही तर मी स्वतः मार्गदर्शकांना कळवीन, हेही एक वाक्य घाला. प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करावे लागतेच. पण सहा महिने गप्प राहून सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात फोन करणारे विद्यार्थी मार्गदर्शकांनी पुष्कळ पाहिलेले असतात.

मुदतीविषयी एक सावधगिरी बाळगा. पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे असतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात, आणि महिला उमेदवारांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. शिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजा देता येते. या सवलती तुमच्या हक्काच्या आहेत, पण त्यांच्यावर आराखडा उभारू नका. पाच वर्षांचा आराखडा द्या आणि सहावे वर्ष राखीव ठेवा. निवेदनात दहा वर्षांचा उल्लेख आला की वाचणारा असेच समजतो, की उमेदवाराने सुरुवातीलाच शेवटची तारीख पाहून ठेवली आहे.

मुलाखतीत एखादा सदस्य विचारीलच, की ‘घरचे कोण बघणार?’ हा प्रश्न तुमच्याच वयाच्या पुरुष उमेदवाराला क्वचित विचारला जातो, हे मला ठाऊक आहे आणि ते मला खटकते. तरीही तिथे वाद घालण्यात तुमची मिनिटे खर्चू नका. निवेदनातल्या त्या परिच्छेदाकडे बोट दाखवून मंगळवार, शुक्रवार आणि रविवार सांगा, आणि लगेच झोनकडे व मोजणीकडे वळा. प्रवेश परीक्षेतून आलेल्यांच्या गुणवत्ता यादीत परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असते. त्या ३० टक्क्यांचा मोठा भाग विषयावर बोलून मिळवायचा आहे.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी यजमान आणि मुलगी यांच्यासोबत बसून कोणती कामे कोणाकडे जाणार ते नक्की करा. मुलीलाही विचारा, कारण रविवारची सकाळ ती अभ्यासासाठी तुमच्याकडे मागणार असेल तर ते आत्ताच कळायला हवे. मग विभागात कोर्सवर्कची पद्धत विचारा, त्यानंतर प्रमाणपत्र आणि आकडेवारीची परवानगी यांचे दोन वेगळे अर्ज द्या. निवेदनाचा शेवटचा मसुदा हे दोन्ही कागद हातात आल्यावरच पक्का करा, आणि त्यातला प्रत्येक वार, महिना आणि तास प्रमाणपत्रातल्या शब्दांशी ताडून पाहा. आस्थापना विभागात फाइल किती दिवस राहते ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता, तेव्हा प्रमाणपत्राचा अर्ज याच आठवड्यात द्या.